खात्यात ५८ लाख, जीएसटीत ३६ लाख: मधले २२ लाख कुठले?

प्रश्न: माझं कराडला इलेक्ट्रिकल सामान आणि पीव्हीसी पाइपचं दुकान आहे, प्रोप्रायटरशिप. आधी सगळे व्यवहार सेव्हिंग खात्यातच व्हायचे, आठ महिन्यांपूर्वी दुकानाच्या नावाने करंट खातं काढलं. शेजारचा गाळा घ्यायला १० लाखांचं कर्ज मागितलं. बँकेतले साहेब म्हणाले, "दोन्ही खात्यांत मिळून वर्षात ५८ लाख जमा दिसतात आणि जीएसटीत विक्री ३६ लाख. आधी हे समजावून सांगा." मी काही लपवलेलं नाही, पण घरचं आणि दुकानाचं सगळं एकत्र झालंय. आता वेगळं कसं करून दाखवू? २०२४-२५ची जमा बाजू कशाकशाची आहे त्याची यादी सोबत जोडली आहे.

उत्तर: तुमची यादी नीट पाहिली. हिशेब जुळतो आणि तो तुम्हाला कागदावर मांडता येईल. पण अर्ज पुन्हा टेबलावर ठेवायच्या आत हे काम तुम्ही स्वतः केलं पाहिजे. तुम्ही नाही केलं तर बँकेचं स्टेटमेंट वाचणारं सॉफ्टवेअर करेल, आणि ते फक्त नोंदीपुढचा मजकूर वाचून गट पाडतं. त्याला तुमचा मेहुणा आणि तुमचं गिऱ्हाईक यातला फरक कळत नाही.

पहिली मोठी चूक तुमच्या करंट खात्यामुळेच झाली आहे. सेव्हिंग खातं तुमच्या नावाने आहे, करंट दुकानाच्या नावाने. करंटमधून सेव्हिंगमध्ये ४०,००० टाकले की सेव्हिंगच्या स्टेटमेंटला पैसे पाठवणारा म्हणून दुकानाचं नाव उमटतं, आणि सॉफ्टवेअर त्याला एखाद्या व्यापाऱ्याकडून आलेली जमा समजतं. माल घ्यायच्या वेळी तेच पैसे परत करंटला गेले की तिथे पुन्हा जमा. एकच ४०,००० दोनदा मोजले जातात, आणि मूळ विक्रीची जमा धरली तर तीनदा. तुमच्या यादीत अशी स्वतःच्याच दोन खात्यांतली फिरवाफिरव ५,७५,००० रुपयांची आहे. ती सगळ्यात आधी बाजूला काढा.

त्यासाठी दोन्ही खात्यांचं १ एप्रिल ते ३१ मार्चचं स्टेटमेंट नेट बँकिंगमधून एक्सेलमध्ये उतरवा. त्याचीच पीडीएफही उतरवून ठेवा, आणि तिला हात लावू नका. एक्सेलमध्ये शेवटी दोन रकाने वाढवा, एक 'गट' आणि एक 'पुरावा'. आता समजा 'अ' रकान्यात म्हणजे A मध्ये तारीख, D मध्ये नावे रक्कम आणि E मध्ये जमा रक्कम आहे, आणि करंट खात्याचं पान Current या नावाने त्याच फाइलमध्ये आहे. सेव्हिंगच्या पानावर जमेच्या प्रत्येक ओळीपुढे हे सूत्र टाका:

```
=COUNTIFS(Current!A:A,A2,Current!D:D,E2)
```

उत्तर १ आलं, तर त्याच तारखेला तेवढीच रक्कम करंटमधून गेलेली आहे. तेवढ्यावर थांबू नका. दोन्ही ओळींतला संदर्भ क्रमांक ताडून बघा. यूपीआयचा तो बारा आकडी असतो, एनईएफटीचा यूटीआर असतो, आणि दोन्ही बाजूंना तोच दिसला पाहिजे. जुळला की गटात 'स्वतःची बदली' लिहा आणि पुराव्यात तो क्रमांक. चेकने फिरवलेली रक्कम एक-दोन दिवसांनी जमा होते, त्यामुळे ती या सूत्रात सापडत नाही. तिच्यावर नजर टाकावी लागते. मग हेच करंटच्या पानावर उलट बाजूने करा.

आता उरलेल्या जमा. सोनेतारण कर्जाचे २,५०,०००, मेहुण्याकडून हातउसने १,५०,०००, मुदत ठेव मोडल्याचे १,२०,०००, भिशीचे १,००,०००, पत्नीच्या पगारातून दरमहा १५,००० प्रमाणे १,८०,०००, माल परत केल्यावर घाऊक व्यापाऱ्याने दिलेले ४०,००० आणि बचत खात्यावरचं व्याज १०,०००. यातलं काहीही विक्री नाही. प्रत्येकाचा पुरावा मात्र वेगळा आहे. सोनेतारणाला मंजुरीपत्र, ठेवीला मोडल्याची पावती, व्यापाऱ्याच्या पैशाला त्याची क्रेडिट नोट. मेहुण्याच्या रकमेला त्याचं दोन ओळींचं सहीचं पत्र घ्या आणि त्याच्या स्टेटमेंटचं तेवढं एक पान. ही रक्कम बँकेतून आली हे बरं झालं. २०,००० किंवा त्याहून जास्त हातउसने रोखीने घेतले असते तर आयकराच्या दृष्टीने तोच वेगळा नियमभंग ठरला असता, आणि परतफेडही बँकेतूनच करा.

यादीतली एक ओळ तुम्ही 'ठेकेदार, चेक, ८५,०००' अशी लिहिली आहे. तिच्यासमोरच्या तारखा पाहिल्या तर हा ४२,५०० चा एकच चेक आहे. तो भरला, जमा दिसला, परत आला. पुन्हा भरला, पुन्हा परत आला. शेवटी ठेकेदाराने एनईएफटी केली. म्हणजे एका बिलाच्या तीन जमा. दोन काढून टाकायच्या, कारण त्यांच्यासमोर तेवढीच रक्कम नावेही पडलेली आहे, आणि एनईएफटीची तेवढी विक्रीत ठेवायची. शेजारी स्पष्ट लिहा की हा गिऱ्हाइकाचा चेक परत आला होता. बँकेचा अधिकारी परत गेलेले चेक मोजतोच. तुम्ही दिलेला चेक किंवा तुमचा हप्ता परत गेला तर ते तुमच्या आर्थिक विश्वासार्हतेवर बोट ठेवतं. गिऱ्हाइकाचा परत आला तर ती वसुलीची अडचण. दोन्ही एका आकड्यात मिसळले तर नुकसान तुमचं.

एवढं काढल्यावर काय उरतं ते बघा. क्यूआरवरून आलेले २४,६०,०००, ठेकेदार आणि सोसायट्यांकडून एनईएफटी-चेकने ११,८०,०००, आणि भरलेली रोकड ६,९०,०००. एकूण ४३,३०,०००. बाजूला काढलेले १५,१०,०००. दोन्हींची बेरीज ५८,४०,००० आलीच पाहिजे. एक रुपयाचाही फरक राहिला तर कुठली तरी ओळ बिनगटाची राहिली आहे. बेरजेसाठी, 'गट' रकाना G असेल तर दोन्ही पानांवर हे सूत्र टाका आणि दोन्ही उत्तरं मिळवा:

```
=SUMIFS(E:E,G:G,"विक्री")
```

तरी ४३.३० लाख आणि जीएसटीतले ३६.१० लाख यांत सात लाखांहून जास्त अंतर आहेच. इथे बहुतेक दुकानदार गांगरतात, आणि खरं तर इथे घाबरण्यासारखं काहीच नाही. जीएसटीच्या ३बी विवरणपत्रात विक्री कर सोडून लिहिलेली असते, बँकेत मात्र पैसे करासकट येतात. तुमच्या मालावर त्या वर्षी १८ टक्के दर होता. ३६,१०,००० वर १८ टक्के चढवले की ४२,५९,८०० होतात, म्हणजे जवळजवळ ४२.६० लाख. त्यात गेल्या वर्षीच्या उधारीचे यंदा वसूल झालेले ४,३०,००० मिळवा. यंदाच्या विक्रीतली ३१ मार्चला येणं बाकी असलेली उधारी २,४०,००० वजा करा. आणि रोखीच्या विक्रीतले जे बँकेत न भरता थेट घरखर्चाला किंवा हमालीला गेले ते १,२०,००० वजा करा. उत्तर ४३.३० लाख. उधारीचे आकडे तुमच्या वहीतले आहेत. गिऱ्हाइकांच्या नावानिशी दोन्ही तारखांची यादी काढून जोडा, नाहीतर हा फरक भरून काढायला बनवलेला आकडा वाटेल.

हा ताळा म्हणजे तुमच्या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर. एका पानावर येतो: वर ५८.४० लाख, त्यातून काय काय का काढलं, खाली ४३.३० लाख, आणि तिथून ३बीपर्यंतचा रस्ता. या पानावर तुमच्या सीएची सही आणि यूडीआयएन क्रमांक घेतला तर अधिकाऱ्याला फाइलमध्ये लावायला सोपं जातं. पण सीएकडेही तयार गट आणि पुरावे घेऊन जा. त्याने अंदाजाने गट पाडले तर पहिल्याच उलटतपासणीत ते गळून पडतात.

एका मोहापासून लांब राहा. ताळा जुळत नाही म्हटल्यावर काही जण स्वतःच्या वैयक्तिक यूपीआय आयडीवर आलेली विक्री 'मित्राकडून' म्हणून बाजूला काढतात. ती लपत नाही. ३४०, १,१२५, ७६८ अशा रकमा वेगवेगळ्या नावांनी, दिवसभर, दुकानाच्या वेळेत येत असतील तर ती विक्रीच आहे हे कोणालाही कळतं. उसने पैसे बहुधा ५,०००, २०,००० असे गोल येतात. तशी विक्री जीएसटीत राहून गेली असेल तर आधी सल्लागाराकडे जाऊन कर भरून घ्या, मग कर्जाकडे वळा. आणि पीडीएफमध्ये एकही अक्षर बदलू नका. ओळ पुसली की पुढची शिल्लक जुळत नाही, आणि आजकाल बँका तुमच्या संमतीने अकाउंट अॅग्रिगेटरमार्फत तेच स्टेटमेंट थेट तुमच्या बँकेतून मागवतात. बदल सापडला तर कर्ज जातंच, शिवाय तो फसवणुकीचा गुन्हा होतो. जे सांगायचं ते वेगळ्या कागदावर सांगा.

रोकडीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमचा अर्ज इथे अडकू शकतो. अकरा महिने तुम्ही महिन्याला साधारण ४५,००० भरले आणि मार्चमध्ये, अर्जाच्या तोंडावर, १,९५,०००. अधिकाऱ्याला हे खातं फुगवल्यासारखं दिसणार. गल्ल्यात साठलेली रोकड असेल तर रोकड वहीत फेब्रुवारीअखेर शिल्लक दीड लाखाच्या आसपास दिसली पाहिजे. दिसत असेल तर वहीची ती पानं जोडा. दिसत नसेल, किंवा आधी त्याच खात्यातून काढलेलीच रक्कम परत भरली असेल, तर नेहमीच्या ४५,००० वरचे दीड लाख स्वतःहून विक्रीतून काढा. रोखीच्या जमेला बऱ्याच बँका तशीही कमी वजन देतात. दीड लाखासाठी बाकीच्या ४१ लाखांवरचा विश्वास घालवू नका.

आता नावे बाजू. माल, दुकानाचं भाडं, कामगाराचा पगार, टेम्पो, जीएसटीचा भरणा हा धंद्याचा खर्च. किराणा, शाळेची फी, विम्याचा हप्ता, घरकर्जाचा हप्ता ही उचल, म्हणजे मालकाने घरासाठी काढलेले पैसे. उचल नफ्यातून वजा होत नाही, त्यामुळे ती खर्चात मिसळली तर तुमचाच नफा उगाच कमी दिसतो, आणि आयकरातही ते चुकीचं. पण उचलीतल्या ज्या गोष्टी दरमहा ठरलेल्या आहेत त्या अधिकारी वेगळ्या टिपतो, कारण नवा हप्ता त्यांच्या शेजारी बसणार आहे. तुमचा घरकर्जाचा ११,४०० चा हप्ता त्याला सिबिलमध्ये दिसेल, सोनेतारणही दिसेल. भिशी दिसणार नाही. वीस जणांची पाच हजारांची भिशी तुम्ही उचलून झाली आहे, म्हणजे उरलेले हप्ते हे देणंच आहे. तेही आपणहून लिहा. दर महिन्याला एकाच नावाने जाणारे ५,००० त्याच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि विचारल्यावर सांगण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं.

पत्नीच्या पगाराचे १५,००० तुमच्या उत्पन्नात धरू नका. त्या सहकर्जदार होणार असतील तर त्यांचा पगार त्यांच्या पगारपत्रकावरून आणि त्यांच्या खात्यावरून स्वतंत्र धरला जातो. तुमच्या खात्यातल्या त्याच १५,००० ना पुन्हा उत्पन्न म्हटलं तर ते दोनदा मोजल्यासारखं होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ताळा जुळल्याने तुमची उलाढाल सिद्ध होईल, उत्पन्न नाही. तुम्ही ४४एडी कलमाखाली विवरणपत्र भरलंत, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून. रोखीची विक्री, भरलेली आणि न भरलेली मिळून, करासकट ८.१० लाख, म्हणजे कर सोडून ६.८६ लाख. तिचे ८ टक्के ५५,०००, बाकी २९.२४ लाखांचे ६ टक्के १,७५,०००. नफा २,३०,०००, महिन्याला १९,००० च्या आसपास. १० लाख, पाच वर्षं, १४ टक्के दर धरला तर हप्ता सुमारे २३,३०० येतो. नुसत्या विवरणपत्रावर हे बसत नाही. ६ आणि ८ टक्के ही किमान मर्यादा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायला कायद्याची आडकाठी नाही, उलट तेच अपेक्षित आहे. पुढच्या विवरणपत्रात तो खरा आकडा दाखवा, कर भरावा लागला तरी.

तोवर दुसरा रस्ता म्हणजे खात्याच्या शिल्लकीवर किंवा जीएसटीच्या उलाढालीवर कर्ज बघणाऱ्या योजना. शिल्लकीच्या योजनेत बहुतेक ठिकाणी दर महिन्याच्या ५, १०, १५, २०, २५ आणि ३० तारखेच्या शिल्लकीची सरासरी काढतात आणि ती नव्या हप्त्याच्या काही पट आहे का ते पाहतात. किती पट, हे प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. अर्जाआधी विचारून घ्या. इथेही मिसळलेलं खातं मारक ठरतं. तुमच्याकडे हप्ता, फी, भिशी सगळं ५ ते १० तारखेला जातं, म्हणून सहापैकी दोन मोजणीच्या दिवशी शिल्लक तळाला असते. उलट सोनेतारणाचे अडीच लाख पडून राहिलेले महिने फुगलेले दिसतात, आणि अधिकारी ते वजा करूनच बघतो.

म्हणून आजपासून दुकानाचा क्यूआर करंट खात्याला जोडून घ्या आणि काउंटरवरचा जुना वैयक्तिक कोड काढून टाका. ठेकेदारांना बिलावर करंटचाच खाते क्रमांक द्या. माल, भाडं, जीएसटी तिथूनच भरा. घरासाठी महिन्यातून एकदाच, ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम सेव्हिंगला पाठवा आणि शेऱ्यात 'घरखर्च' लिहा. कमी पडलं तर दुसऱ्यांदा पाठवा, पण दुकानाच्या कार्डावर किराणा घेऊ नका. सेव्हिंगमधून करंटकडे पैसे आणावेच लागले तर शेऱ्यात 'भांडवल' लिहा. असे सहा महिने गेले की स्टेटमेंट वाचायला कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गाळ्याचा मालक थांबायला तयार असेल तर तेवढं थांबा. नसेल तर वरचं एक पान आणि त्यामागचे पुरावे घेऊन आत्ताच जा, फक्त रक्कम कमी मागायची तयारी ठेवा.

सेव्हिंग खातं बंद करू नका. मागच्या वर्षाची विक्री तिथेच आहे, बँक ते मागणारच. घरकर्जाचा आणि विम्याचा हप्ता तिथूनच जाऊ द्या. पैसे आता करंटला येऊ लागल्यावर सेव्हिंगमध्ये हप्त्याच्या आदल्या दिवशी शिल्लक आहे ना, तेवढं पाहा. खाती वेगळी करायच्या पहिल्या महिन्यात घरकर्जाचा हप्ता परत जातो, आणि मग सगळ्या कागदांत साहेबांचं बोट नेमकं त्या एका ओळीवर जातं.